इन्व्हर्टरवर ‘फुल’ दिसते, पण बॅटरीत उरले किती?

मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला जाते आणि तिथे वीज तयार होते. धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या आम्हाला मात्र जुलै-ऑगस्टमध्ये तीच वीज रुसते. ताम्हिणीकडून पाऊस सुरू झाला की कुठे तरी झाड तारांवर पडते आणि लाइट जाते. कधी तासाभरात येते, कधी सकाळ होते. त्यामुळे आमच्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहे, आणि तो चालू आहे एवढे पाहून आपण निश्चिंत असतो.

आम्हीही तसेच निश्चिंत होतो. आमच्या अम्मींना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. घरात १५० अँपिअर-तासांच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, एकापुढे एक जोडून २४ व्होल्टच्या केलेल्या. सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या. या पावसाळ्यात एका रात्री अकराला लाइट गेली. इन्व्हर्टरच्या पट्टीवर ‘फुल’ दिसत होते. एकच्या सुमारास मशीन ओरडायला लागले आणि सगळे बंद पडले. घरात भरलेला सिलिंडर होता म्हणून निभावले. सकाळी अब्बांनी विचारले, “फुल होती, तर गेली कुठे?” या महिन्याचे सदर त्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

पट्टीवर दिसते ते व्होल्टेज असते, साठा नव्हे. पाण्याच्या टाकीत तळाला गाळ साचला, तरी काठापर्यंत पाणी दिसतेच. फक्त मावते कमी. बॅटरीचे तसेच होते. आणि हा गाळ दोन प्रकारचा असतो. एक काही प्रमाणात निघतो, दुसरा निघत नाही.

पहिला म्हणजे सल्फेशन. बॅटरी वापरताना अ‍ॅसिडातला सल्फेट शिशाच्या प्लेटांवर जाऊन बसतो, चार्ज होताना सुटून परत अ‍ॅसिडात येतो. पण बॅटरी दिवसचे दिवस अर्धवट चार्ज राहिली, तर त्याचे बारीक कण मोठे आणि कडक होतात, मग ते सुटत नाहीत. आमच्याकडे पावसाळ्यात नेमके हेच होते. लाइट लांब जाते, आली तर व्होल्टेज कमी, बॅटरी पुरी भरण्याआधी पुन्हा जाते. अशी बॅटरी चार्जिंगला लावली की फार लवकर ‘फुल’ दाखवते आणि वापरताना तितक्याच लवकर संपते. लवकर भरणे हे चांगले लक्षण नाही, हे इथे लक्षात ठेवायचे.

दुसरा म्हणजे खरे म्हातारपण. पॉझिटिव्ह प्लेटची जाळी वर्षानुवर्षे गंजत जाते, तिच्यातला माल सुटून तळाशी पडतो. यावर इलाज नाही. पाणी पूर्वीपेक्षा लवकर संपू लागते, चार्जिंगला बॅटरी जास्त तापते, कधी टर्मिनलचा खांब वर उचलल्यासारखा दिसतो किंवा डबा फुगतो. फुगलेल्या डब्याची चाचणी करत बसू नये, ती बॅटरी काढूनच टाकावी.

आमच्यात यातले काय होते, हे पाहायला पौडचे बॅटरीवाले मिस्त्रीचाचा आले. त्यांनी आधी खिडक्या उघडायला लावल्या, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीने पेटतो. हातातली अंगठी काढली, डोळ्यांना चष्मा लावला. मग बॅटरीच्या सहाही भोकांतले फ्लोट काढून प्रत्येक सेलमध्ये हायड्रोमीटर घातला. अ‍ॅसिड किती दाट आहे ते तो सांगतो. मिस्त्री लोक त्याला ‘ग्रॅव्हिटी’ म्हणतात. चांगली ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण चार्ज असताना साधारण १२४० दाखवते. आमच्या पहिल्या बॅटरीचे सगळे सेल १२१० च्या आसपास होते. दुसरीचे पाच सेल ११७० ला, आणि एक ११२० ला. पूर्ण चार्जनंतरही ग्रॅव्हिटी खाली, म्हणजे सल्फेट प्लेटांवर अडकला आहे. आणि एकच सेल बाकीच्यांपेक्षा ५० ने खाली, म्हणजे त्या सेलचे दुखणे वेगळे आहे.

इथे एक जुनी चूक सांगायला हवी. ग्रॅव्हिटी कमी दिसली की काही जण वरून अ‍ॅसिड टाकतात. आकडा लगेच सुधारतो, बॅटरी सुधारत नाही. सल्फेट प्लेटवर तसाच राहतो, वर जादा अ‍ॅसिड प्लेटा खाते, आणि पुढच्या वेळी हायड्रोमीटर खोटे बोलतो. बॅटरीत टाकायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर.

मिस्त्रीचाचांनी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या, हळू चार्जिंगला लावल्या, सात अँपिअरवर. दर तासाला ग्रॅव्हिटी लिहून ठेवली. लागोपाठ तीन तास आकडा हलला नाही, तेव्हा थांबवले. सल्फेटमधले जे सुटण्यासारखे असते ते अशा सावकाश, लांब चार्जिंगने सुटते. पहिली बॅटरी १२३५ पर्यंत आली. दुसरीचे पाच सेल १२२० पर्यंत आले, पण तो एक सेल ११६५ वरच अडकला. म्हणजे बराच भाग सल्फेशनचा होता, तो निघाला. त्या एका सेलचे मात्र काही होणार नव्हते.

बॅटऱ्या रात्रभर नुसत्या ठेवल्या. चार्जर काढल्या काढल्या व्होल्टेज फुगलेले असते, ते बसायला हा वेळ लागतो. सकाळी पहिली १२.४५ व्होल्ट, दुसरी १२.३. फरक फक्त ०.१५ व्होल्टचा. एवढ्यावर कोणीही म्हटले असते की दोन्ही बऱ्या आहेत. आता खरी परीक्षा होती.

डब्यावरचे १५० अँपिअर-तास हे साधारणपणे वीस तासांच्या हिशेबाने लिहिलेले असतात. साडेसात अँपिअर सतत वीस तास घेतले, तर बॅटरी १०.५ व्होल्टवर यायला हवी. जास्त जोराने घेतले तर एकूण कमी मिळते, म्हणून परीक्षा या सावकाश वेगानेच घ्यायची. आमच्या इन्व्हर्टरला ६० वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब लावले आणि बॅटरीच्या वायरवर डीसी क्लॅम्प मीटर धरला. इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरून साडेसात अँपिअर भरले. अम्मींचे मशीन त्या दिवशी थेट मेन लाइनवर ठेवले होते. फज्रनंतर सहाला सुरुवात केली आणि दर तासाला प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज वेगवेगळे लिहिले. हे वेगवेगळे लिहिणेच महत्त्वाचे.

दुपारी तीनला दुसरी बॅटरी १०.५ ला आली. तेव्हा पहिली ११.८ ला होती. दोन्ही मिळून २२.३. इन्व्हर्टर २१ ला बंद होतो, म्हणजे त्याच्या लेखी सारे ठीक होते. तो फक्त बेरीज पाहतो. आपण लक्ष दिले नसते तर तो त्या दुबळ्या बॅटरीला अजून खाली ओढत राहिला असता, आणि आजारी सेल उलटा चार्ज व्हायला लागला असता.

नऊ तास गुणिले साडेसात, म्हणजे ६७.५ अँपिअर-तास. दुसऱ्या बॅटरीत मूळच्या ४५ टक्के उरले होते. इन्व्हर्टर बंद करून ती सोडवली, आणि पहिलीला एकटीला गाडीच्या हेडलाइटचे दोन १२ व्होल्टचे बल्ब लावले. ते साडेआठ अँपिअर घेत होते. पहिली आणखी पाच तास चालली, म्हणजे आणखी ४२.५. एकूण ११०, म्हणजे ७३ टक्के. परीक्षा संपताच दोन्ही पुन्हा चार्जिंगला लावल्या. रिकामी बॅटरी रात्रभर ठेवणे म्हणजे सल्फेशनला आवतण.

आता बदलायची की नाही? वीज सबस्टेशनसारख्या ठिकाणी बॅटरी ८० टक्क्यांच्या खाली गेली की बदलावी असा संकेत आहे. घरात तो जसाच्या तसा लावायची गरज नाही. घराने आपला हिशेब करावा. दोन पंखे, चार एलईडी दिवे असा साधारण २०० वॅटचा भार २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर दहा अँपिअरच्या आसपास घेतो. लाइट दोन-तीन तासच जात असेल, तर आमची ही जोडीही अजून एखादे वर्ष रेटता आली असती. पण अम्मींचे मशीन ३५० वॅटचे आहे. ते एकटेच सतरा अँपिअर घेते, आणि इतक्या जोराने घेतल्यावर ६७ चेही ६७ मिळत नाहीत. ज्या भारावर कोणाचा श्वास अवलंबून आहे, तिथे रेटायचे नसते.

मग भाईजान म्हणाले, “एकच बदलू, पैसे वाचतील.” वाचत नाहीत. एकापुढे एक जोडलेल्या बॅटऱ्यांतून करंट सारखाच वाहतो. जुनी आधी भरते आणि नवी भरेपर्यंत उकळत राहते. वापरताना जुनी आधी संपते आणि नवीतले अर्धे तसेच राहते. म्हणून जोडी एकदम, एकाच कंपनीची, एकाच क्षमतेची, शक्यतो एकाच महिन्यात तयार झालेली घ्यावी. आम्ही तसेच केले. ७३ टक्केवाली पहिली शेतावरच्या खोलीत १२ व्होल्टच्या लहान इन्व्हर्टरवर एकटी लावली. तिथे दोनच दिवे आहेत, तिचे चांगले चालले आहे.

दुसरी नव्या बॅटरीच्या बिलातून किंमत वजा करून दुकानात परत दिली. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. भंगारवाला चार पैसे जास्त देतो, पण ती कोणाच्या तरी अंगणात फुटते, अ‍ॅसिड मातीत जाते, शिसे उघड्यावर वितळते, आणि त्याचा धूर सगळ्यात आधी लहान मुलांना बाधतो.

एक गोष्ट मिस्त्रीचाचांनी स्पष्ट सांगितली. नवी जोडीही अम्मींचे मशीन सहा-सात तासांच्या वर चालवणार नाही, ते पुढे दरवर्षी कमीच होईल. म्हणून सिलिंडर घरात आहेच. आणि आता दर वर्षी मे महिन्यात, पाऊस येण्याआधी, दोन पिवळे बल्ब लावून तीच परीक्षा घ्यायची असे ठरले आहे. तारीख आणि तास लिहिण्यासाठी अब्बांनी इन्व्हर्टरच्या वर भिंतीला एक वही टांगून ठेवली आहे.