फोटो ओळखला, खोका वाचला का?

मुलुंडच्या एका सभासदाचं पत्र या महिन्यात आलं. चार ओळींचं होतं, आणि सोबत खोक्याचे दोन फोटो. पाच रस्त्याजवळच्या त्यांच्या दुकानात एक आई आली आणि तिने मोबाइल पुढे केला. फोटोत वर्गातल्या कुणाच्या तरी दप्तराला लटकलेली केसाळ बाहुली होती. लांब कान, फिकट गुलाबी अंग, विचकलेले दात. "काका, अगदी हाच द्या, रंगही हाच. शुक्रवारी वाढदिवस आहे." मुलगी चार पूर्ण करणार होती.

आपल्या माणसाने क्षणात ओळखलं. लबूबू. ठोक व्यापाऱ्याकडून आलेली पेटी मागे पडलेलीच होती, त्यातला गुलाबी काढून काउंटरवर ठेवला. खोक्यावर ठळक '१४+' बघून त्यांचा हात थांबला, आणि नखाने कोपरा खरवडल्यावर कळलं की ते छापलेलं नाही, चिकटवलेलं आहे. स्टिकर निघाला. खाली मूळ छपाई होती '३+', शेजारी सीई. आयएसआयचा पत्ता नाही. व्यापाऱ्याला फोन केला तर उत्तर मिळालं, "शेठ, त्यासाठीच तर स्टिकर लावलाय. चौदाच्या वर गेलं की ते खेळणं राहत नाही, आयएसआय लागत नाही."

सभासदाचा प्रश्न साधा आहे: वरचं खरं धरायचं की खालचं?

आधी फोटोबद्दल. आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की ओळखलं म्हणजे काम झालं. लबूबू हे कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ साली काढलेल्या गोष्टींतलं पात्र. २०१९पासून पॉप मार्ट ते विकते. पण "लबूबू" एवढं ओळखून भागत नाही. मागे शेपूट दिसली तर तो झिमोमो, लबूबू नव्हे. बसलेला असेल तर 'हॅव अ सीट' मालिका, केसांत एकातून दुसरा रंग उतरत गेला असेल तर 'बिग इन्टू एनर्जी', आणि एकसारखा फिकट रंग असेल तर 'एक्सायटिंग मॅकरॉन'. मुलुंडच्या फोटोतला बहुधा या शेवटच्या मालिकेतला 'लीची बेरी'. बहुधा म्हणतो, कारण वर्गातल्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत गुलाबी आणि बदामी यांतला फरक ओळखू येत नाही. उजेडात काढलेला, पाठीमागचा आणि तळपायाचा असे आणखी दोन फोटो मागवा. दोन मिनिटांचं काम आहे, आई शाळेच्या ग्रुपवर विचारून लगेच मिळवते.

दातांचं लोक फार सांगतात. अस्सल लबूबूला नऊ दात असतात, हे खरं. कमी-जास्त दात दिसले तर माल नकली, यात वाद नाही. पण नऊ दिसले म्हणून अस्सल ठरत नाही. नऊ दात मोजून बसवणं नकली कारखान्यालाही जमतं. आणि अस्सल माल बंद खोक्यात येतो. मालिकेत सहा नेहमीचे रंग आणि एक गुपित, आत कोणता हे उघडल्याशिवाय कळत नाही. तेव्हा "अगदी हाच रंग, सीलबंद" असं वचन कुणी देत असेल तर एकतर खोकं आधी उघडलेलं आहे किंवा ते पॉप मार्टचं नाहीच. मुलुंडला आलेल्या पेटीत एकाच रंगाचे डझनभर होते. तिथेच उत्तर मिळायला हवं होतं.

आता मुद्द्याचं. फोटोतून घडण कळते, वय कळत नाही. वयाची खूण बाहुलीच्या अंगावर नसते, खोक्यावर असते; आणि खोकं कधीच फेकून दिलेलं असतं. त्या वर्गमैत्रिणीच्या दप्तराला अस्सल लटकत असेल, तर त्याच्या खोक्यावर पॉप मार्टने १५+ छापलेलं असणार. नकली असेल, तर खोक्यावर काहीही असू शकतं, किंवा खोकं नसेलही. दिसायला दोन्ही एकच. म्हणून "तिच्याकडे आहे ना, मग आमच्याही चालेल" हा पालकांचा युक्तिवाद काउंटरवर टिकत नाही. जो खोका तुमच्या हातात आहे, त्यावरच्या छपाईचा हिशेब तुम्हाला करायचा आहे, फोटोतल्या बाहुलीचा नव्हे.

व्यापाऱ्याचा स्टिकर कुठून आला, तेही समजून घ्या. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २५ फेब्रुवारी २०२०चा, अंमल १ जानेवारी २०२१पासून. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यावर आयएसआय हवाच. आणि आयएस ९८७३ भाग १ च्या व्याप्तीतून, तो ज्या आयएसओ मानकावर बेतला आहे त्याप्रमाणे, चौदाखालच्यांसाठी नसलेल्या संग्राह्य वस्तू बाहेर आहेत. या फटीतून सगळा माल ओतला जातोय. पण आदेशातली 'खेळण्या'ची व्याख्या कुणी वाचली आहे का? चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली किंवा उघडपणे त्याच हेतूची वस्तू, मग ती केवळ त्यांच्यासाठी असो वा नसो. "केवळ त्यांच्यासाठी असो वा नसो" हे शब्द स्टिकर लावणाऱ्याने वाचलेले नाहीत. मोठेही घेतात म्हणून एखादी वस्तू आपोआप व्याख्येबाहेर जात नाही.

सरकारी कारभाराची गंमत अशी की हेतू 'उघड' आहे की नाही हे कोण आणि कशावरून ठरवणार, ते आदेशात लिहिलेलं नाही. अमेरिकेच्या नियमात उत्पादकाने सांगितलेलं वय मानतात, पण ते पटण्याजोगं असेल तरच. जाहिरात कशी केली, लोक ती वस्तू कुणासाठी समजतात हेही बघतात. युरोपात 'चौदा वर्षांवरच्या संग्राहकांसाठी' असं स्पष्ट वाचता येईल असं लिहावं लागतं. आपल्याकडे खोक्यावर एक, बिलावर दुसरं. मुलुंडच्या सभासदाने बिलाचाही फोटो पाठवलाय. त्यावर माल ९५०३ खाली दाखवलाय, म्हणजे खेळणी आणि बाहुल्या. कागद म्हणतो खेळणं, स्टिकर म्हणतो खेळणं नव्हे, आणि दुकानदाराने तो माल ठेवलाय फुगे आणि वाढदिवसाच्या टोप्यांच्या शेजारी. अशा मांडणीपुढे स्टिकर काय सांगणार? बीआयएस कायदा २०१६च्या कलम २९ मध्ये विनाचिन्ह विक्रीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाखांचा दंड लिहिलाय, आणि कायद्याला विकणाराही तितकाच दिसतो जितका बनवणारा. जानेवारी २०२३मध्ये मोठ्या दुकानांतून अठरा हजारांवर खेळणी जप्त झाली, तेव्हा आपण "मॉलवाल्यांचं चाललंय" म्हणून वर्तमानपत्र बाजूला ठेवलं होतं.

बरं, खोक्यावर आयएसआय आहे असं धरू. तरी वाचा. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक हवा: विजेविना चालणाऱ्या खेळण्याला आयएस ९८७३, विजेच्या किंवा बॅटरीच्या खेळण्याला आयएस १५६४४. केसाळ बाहुलीवर १५६४४ दिसला तर कुणीतरी दुसऱ्या खोक्यावरून चिन्ह उचललंय. खाली CM/L आणि परवाना क्रमांक. तो `BIS Care` मध्ये `Verify Licence Details` खाली टाका. नाव, कारखान्याचा पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही हे समोर येतं. खोक्यावरचं नाव आणि पडद्यावरचं नाव जुळलं नाही तर माल परत. सीई हे युरोपचं; इथे त्याने आयएसआयची जागा भरून निघत नाही. '०-३'वर काट असलेला चेहरा म्हणजे तीनखालच्यांना देऊ नये, एवढंच. त्याचा अर्थ "तीनवरच्यांसाठी तपासलेलं" असा लावणारे सभासद आपल्यात आहेत, हे लिहायला लाज वाटते.

आणि ही वयाची खूण का असते, ते एकदा हाताने करून बघा. छोट्या भागांच्या चाचणीचं नळकांडं ३१.७ मिलिमीटर व्यासाचं असतं. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणजे ते आरामात आत जातं. नाण्याएवढं किंवा त्याहून लहान काही बाहुलीवर असेल, तर ते ओढून आणि पिळून बघा: नकली लबूबूचा डोळा, पंजा, कानाजवळची कडी. मुलुंडच्या सभासदाने तसं केलं. दुसऱ्या पिळ्याला पायाचा प्लास्टिकचा पंजा हातात आला. तुमच्या हातातला पिळा प्रयोगशाळेची जागा घेत नाही. काही निघालं नाही तर माल पास झाला असं समजू नका. पण निघालं, तर पुढे बोलायला काही उरत नाही. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने ऑगस्ट २०२५मध्ये नकली लबूबूंबद्दल तातडीचा इशारा दिला तो याच कारणाने, लहान मुलांच्या तोंडात जाऊन श्वास अडण्याच्या भीतीने.

त्या आईला मुलुंडच्या काकांनी काय सांगितलं? "ताई, फोटोतला अस्सल असेल तर तो पंधराच्या वरच्यांचा. माझ्याकडचा अस्सल नाही, आणि कुणी तपासलेला नाही. चारच्या मुलीला दोन्ही देणार नाही." आई रागावून निघून गेली. स्टेशनजवळ तिला तोच मिळाला असणार, यात मला शंका नाही. तिथला दुकानदारही कदाचित आपलाच सभासद असेल. त्याला हे पान वाचून दाखवा.

आता काम. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, सगळ्यांनी आपापल्या गोदामातली वर स्टिकर असलेली खोकी बाहेर काढा. स्टिकर सोलायच्या आधी एक फोटो, सोलल्यावर एक, आणि ठोक बिलाची प्रत. येत्या पंधरा तारखेच्या आत कार्यालयात पोहोचवा. ते सगळं एका फायलीत घालून आपण मरोळच्या मानकालयात एकच लेखी प्रश्न देणार आहोत: छापलेल्या '३+'वर चिकटवलेला '१४+' तुम्ही मानता का, हो की नाही? उत्तर येईपर्यंत ती खोकी फुग्यांच्या शेजारी नको, दुकानात नको, व्यापाऱ्याकडे परत. पैसे अडकतील म्हणणाऱ्यांनी निदान बिल तरी जपून ठेवा. अर्ध्या सभासदांकडे तेही नाही, असं फोनवर कळतंय.