जास्तीचा 'ए'

तमिळनाडूच्या नेत्या जयललिता यांनी २००१ साली आपल्या इंग्रजी नावाच्या शेवटी आणखी एक 'ए' लावला. हा बदल अंकशास्त्राच्या सल्ल्यावरून झाल्याचं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. त्याच वर्षी त्या पुन्हा मुख्यमंत्री झाल्या, म्हणून हे उदाहरण अजूनही दिलं जातं. परवा एका मैत्रिणीनं मला तेच ऐकवलं. तिच्या मुलीचं लग्न जुळत नाहीये. कुणीतरी सांगितलं, नावाची बेरीज ८ येते, स्पेलिंग बदला. "एवढ्या मोठ्या बाईंनी केलं, ते उगाच का?" मैत्रीण भोळी नाही, काळजीत आहे. तिच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी बेरीजच करून पाहू. आपल्याकडे जास्त चालते ती खाल्डियन म्हणवली जाणारी पद्धत. तिच्यात ए, आय, जे आणि वाय यांना १, एलला ३, टीला ४ आणि एचला ५ असे अंक दिलेले आहेत. जयललिता यांच्या जुन्या स्पेलिंगची बेरीज होते २२, म्हणजे २ अधिक २, ४. एक 'ए' वाढवला की २३, म्हणजे ५. चार हा अंक त्रासाचा समजतात आणि २३ हा फार शुभ, त्यामुळे सल्ला देणाऱ्याचं म्हणणं त्याच्या नियमांत बसतं. आता तेच नाव पायथागोरसच्या नावानं चालणाऱ्या दुसऱ्या पद्धतीनं मोजा. तिच्यात अक्षरांना ओळीनं १ ते ९ अंक देतात आणि मग पुन्हा १ पासून सुरुवात करतात. जुनी बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. नवी ३८, म्हणजे ११ आणि शेवटी २. एकच नाव, तीच अक्षरं, पण एका पद्धतीत ४ चे ५ झाले आणि दुसरीत १ चे २. यातली खरी पद्धत कोणती, हे ठरवायचं कशावरून? दोन्हीकडच्या जाणकारांपाशी अनुभवाचे दाखले आहेत, पण दोघांना मान्य होईल अशी कसोटी कुणाकडेच नाही.

खाल्डियन हे नाव ऐकलं की हजारो वर्षांचं ज्ञान डोळ्यांसमोर येतं. बॅबिलोनियाचे खाल्डियन लोक मातीच्या पाट्यांवर कीलाकृती लिपीत लिहीत. आपण ज्या रोमन अक्षरांची बेरीज करतो ती त्यांच्याकडे नव्हतीच. हा तक्ता आपल्यापर्यंत लोकप्रिय झाला तो मुख्यतः कीरो या नावानं लिहिणाऱ्या आयरिश हस्तसामुद्रिकाच्या पुस्तकांतून, विसाव्या शतकात. आणि जयललिता यांचं नाव तमिळ लिपीत लिहिताना शेवटी दीर्घ 'आ' आधीपासूनच आहे. तिथे वाढवायला काही जागाच नव्हती.

मग सत्ता आली ती? त्यांचा सगळा प्रवास समोर ठेवला की चित्र बदलतं. १९९१ साली मोठ्या बहुमतानं त्या पहिल्यांदा मुख्यमंत्री झाल्या, त्या जुन्या स्पेलिंगवर. १९९६ ला हरल्या, तेही जुन्याच स्पेलिंगवर. मे २००१ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाल्या आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती नेमणूक रद्द केली. मार्च २००२ मध्ये परत आल्या. २००४ च्या लोकसभेत तमिळनाडूतल्या ३९ जागांपैकी त्यांच्या पक्षाला एकही मिळाली नाही. २००६ ला विधानसभा गेली, २०११ ला आली. २०१४ ला बेंगळुरूच्या विशेष न्यायालयानं शिक्षा सुनावली आणि पद गेलं, २०१५ ला उच्च न्यायालयानं निर्दोष ठरवलं, २०१६ ला त्या पुन्हा जिंकल्या आणि त्याच डिसेंबरात त्यांचं निधन झालं. जास्तीचा 'ए' २००१ नंतरच्या या सगळ्या काळात नावात होताच. २००१ चा विजय त्याच्या खात्यावर मांडायचा तर २००४ चा पराभवही मांडावा लागेल. सांगणारे पहिला सांगतात आणि दुसऱ्यापाशी थांबतात.

माझं खरं म्हणणं याच्याही पुढे आहे. या गणितात चूक निघूच शकत नाही, आणि म्हणूनच ते काही सिद्ध करत नाही. अंकांची अशी बेरीज एक आकडा उरेपर्यंत करणं म्हणजे नऊनं भागून बाकी काढणं, फक्त बाकी शून्य आली तर ९ धरायचे. एक 'ए' घातला की बाकी एकानं सरकते. म्हणजे कुठल्याही नावाला हवा तो अंक एकदोन अक्षरांच्या फेरफारानं देता येतो. फळ मिळालं तर अक्षराचं श्रेय. न मिळालं तर जन्मतारखेशी जुळलं नाही, आडनावही बदलायला हवं होतं, अजून वेळ द्यायला हवा, अशी उत्तरं तयार असतात.

शिवाय माणूस सल्ल्याला जातो कधी? अगदी टोकाला आल्यावर. तीन स्थळं एकापाठोपाठ मोडलेली असतात, धंद्याचं सर्वांत वाईट वर्ष चालू असतं. सर्वांत वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेक वेळा त्याहून बरं जातं, काही न करताही. ताप चढलेला असताना घेतलेल्या कुठल्याही काढ्याला उताराचं श्रेय मिळतं, तसं इथे अक्षराला मिळतं. ज्यांच्या बाबतीत काही बदललं नाही ते कुणाला सांगायला जात नाहीत.

असे दावे तपासता येत नाहीत असं मात्र नाही. २००८ साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि भाग घेणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या. कुठली पत्रिका कुणाची, ते ओळखायचं. उत्तरं पाठवलेल्या २७ जणांची सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवून ५० टक्क्यांच्या आसपास येते. ही चाचणी पत्रिकांची होती, स्पेलिंगची नाही, पण रीत तीच लागेल: उत्तर आधी लिहून घ्यायचं, मग मोजायचं.

मैत्रिणीला मी यातलीच एक घरगुती तपासणी सुचवली. नात्यातल्या आणि सोसायटीतल्या लग्न झालेल्या बायकांच्या नावांची त्याच तक्त्यानं बेरीज कर. नऊ अंकांत नावं विखुरली जातात, तेव्हा आठ येणाऱ्या बऱ्याच सापडतील, आणि त्या सगळ्यांची लग्नं झालेली असतील. दुसरं, सल्ला देणाऱ्याला विचार: काय होईल, कोणत्या महिन्यापर्यंत, आणि झालं नाही तर तुमचं म्हणणं चुकलं असं मानाल का? उत्तर तारखेसह कागदावर घे. ते द्यायला तयार नसतील तर पैसे देण्याची घाई करू नकोस.

आणि कागदपत्रं सांभाळ. व्हॉट्सअॅपवर, वहीवर, सहीखाली नव्या स्पेलिंगनं लिहून मनाला बरं वाटत असेल तर त्यात नुकसान नाही. पण आधार, पॅन, पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र आणि पीएफचं खातं यांत एक अक्षर इकडे आणि एक तिकडे झालं की प्रत्येक खिडकीवर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राची प्रत मागतात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातली एक संधी अशा सल्ल्यावर खर्च झाली तर पुढे लग्नानंतर नाव बदलावंसं वाटलं तेव्हा एकच उरते.

मैत्रीण म्हणाली, "तिला अजून सांगितलंच नाही मी." नाव त्या मुलीचं आहे आणि ती सज्ञान आहे. आधी तिला विचार, असं मी म्हटलं, आणि स्थळं का मोडली तेही तिच्याकडूनच ऐक.