एकच मूत्रपिंड, चार उत्तरे

द्वितीय वर्ष एमबीबीएसच्या पेपरातला ‘जोड्या लावा’चा एक प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी काढला आहे, निदान तपासला तरी आहे. डावीकडे हृदय, मेंदू, फुप्फुस. उजवीकडे कोॲग्युलेटिव्ह, लिक्विफॅक्टिव्ह, केसियस. विद्यार्थी तिन्ही रेघा बिनचूक ओढतो आणि पैकीच्या पैकी गुण घेतो. तोच विद्यार्थी पुढे पॅथॉलॉजीचा रेसिडेंट होतो, मूत्रपिंडातल्या गळवाची स्लाइड त्याच्यासमोर येते आणि तो ‘किडनी, म्हणजे कोॲग्युलेटिव्ह’ असे सांगून मोकळा होतो. चूक त्याची कमी आणि आपल्या तक्त्याची जास्त आहे. ऊतक कसे मरते हे अवयव ठरवतो, असे आपण त्याला शिकवले. खरे तर ते ठरते मुख्यतः कारणावरून. अवयवाचा शब्द अखेरचा ठरतो तो जवळजवळ फक्त मेंदूत.

हे तपासून पाहायला मूत्रपिंडाइतका सोयीचा अवयव नाही. एकाच अवयवात, चार वेगवेगळ्या रुग्णांत, चार वेगवेगळे मृत्यू दिसतात.

पहिला रुग्ण मायट्रल स्टेनोसिसचा. एट्रियल फिब्रिलेशनमुळे डाव्या कर्णिकेत गुठळी झाली, तिचा तुकडा सुटून वृक्क धमनीच्या शाखेत अडकला. कापलेल्या मूत्रपिंडावर पाचरीच्या आकाराचा फिकट पट्टा दिसतो. त्याचा पाया कॅप्सूलकडे आणि टोक अडलेल्या वाहिनीकडे असते. कॅप्सूलखालची अगदी पातळ किनार मात्र बऱ्याचदा जिवंत राहते, कारण तिला कॅप्सूलच्या वाहिन्यांतून थोडे रक्त मिळते. सूक्ष्मदर्शकाखाली ग्लोमेरुलस ओळखता येतो, ट्यूब्यूलही ओळखता येतात. फक्त केंद्रके गेलेली असतात आणि पेशीद्रव्य गडद गुलाबी झालेले असते. रक्त तुटल्यावर पेशीतली प्रथिने विकृत होतात आणि त्यांना पचवू शकणारी पेशीची स्वतःची एन्झाइम्सही त्यांच्यासोबतच निकामी होतात. त्यामुळे काही दिवस पेशींचा सांगाडा तसाच उभा राहतो. हा कोॲग्युलेटिव्ह नेक्रोसिस.

दुसरी रुग्ण मधुमेही, ई. कोलायचा संसर्ग मूत्राशयाकडून वर चढलेला. इथे ट्यूब्यूल न्यूट्रोफिल्सनी गच्च भरतात आणि मध्येमध्ये जागा पोकळ होऊन पू साचतो. जिवाणू न्यूट्रोफिल्सना खेचून आणतात आणि पचनाची एन्झाइम्स तेच घेऊन येतात. त्यामुळे सांगाडा उभा राहायला वेळच मिळत नाही. हा लिक्विफॅक्टिव्ह. अवयव तोच, फक्त पाहुणे बदलले.

तिसरा रुग्ण वारंवार लघवीच्या तक्रारी घेऊन आलेला. लघवीत पू पेशी भरपूर, पण नेहमीच्या कल्चरवर काहीच वाढत नाही. त्याच्या मूत्रपिंडाच्या पॅपिलापाशी पिवळट, भुसभुशीत, चुरा होणारा भाग असतो. स्लाइडवर तो गुलाबी, दाणेदार आणि पूर्ण आकारहीन दिसतो. ग्लोमेरुलस कुठे होता याचा माग लागत नाही. कडेला एपिथेलॉइड पेशी, लँगहॅन्स महापेशी आणि लिंफोसाइट्सचा कडा असतो. हा केसियस, आणि आपल्याकडे त्याचा पहिला संशय क्षयाचाच. मात्र हिस्टोप्लाझ्मासारख्या बुरशीनेही तो होतो, म्हणून स्लाइडवरच्या केसिएशनपुढे थेट ‘टीबी’ लिहिण्याआधी झील-नील्सनबरोबर बुरशीचा रंगही मागवावा.

चौथ्या रुग्णाच्या मूत्रवाहिनीत खडा अडकून राहिला, वर दाब वाढत गेला, मूत्रपिंड फुगले आणि त्याचा कॉर्टेक्स पातळ होत गेला. इथे पाचर नाही, पू नाही, चुराही नाही. तरी पेशी कमी झाल्या आहेत, कारण ट्यूब्यूलमधल्या पेशी एकेकट्या, गाजावाजा न करता गेल्या. हा ॲपॉप्टोसिस. नळी अडल्यावर मूत्रपिंड, स्वादुपिंड आणि लाळग्रंथी यांत होणाऱ्या क्षीणतेत त्याचा मोठा वाटा असतो.

आता पहिल्याच रुग्णात एक बदल करू. गुठळी मायट्रल स्टेनोसिसची नसून संसर्ग झालेल्या झडपेवरची आहे, असे समजा. पाचर त्याच जागी बनेल आणि सुरुवातही कोॲग्युलेटिव्हनेच होईल. पण गुठळीसोबत जिवाणू आलेले असल्याने थोड्याच काळात ती पाचर पुवाने भरेल. ‘मूत्रपिंडातला इन्फार्क्ट’ एवढेच लिहिले तर उत्तर एक आणि ‘सेप्टिक इन्फार्क्ट’ लिहिले तर दुसरे. ओल्या गँग्रीनमध्ये हेच पायात घडते. मूळ मृत्यू कोॲग्युलेटिव्ह असतो, त्यावर जिवाणूंचे द्रवीकरण चढते.

मेंदूचा अपवाद मात्र खरा आहे. तिथे रक्तपुरवठा तुटला तरी शेवट द्रवातच होतो. त्याचे कारण पाठ्यपुस्तकांत साधारणपणे असे दिले जाते की, मेंदूत आधार देणारे तंतुमय ऊतक फार थोडे आणि मेद भरपूर. पण या स्पष्टीकरणावर फार भार टाकू नये, कारण प्रक्रिया पूर्ण उलगडलेली नाही. प्रश्न काढणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे वेळ. स्ट्रोकनंतर १२ ते २४ तासांत मेंदूत काहीच द्रव झालेले नसते. दिसतात ते लाल न्यूरॉन, म्हणजे आक्रसलेल्या, गडद गुलाबी, काळवंडलेल्या केंद्रकाच्या पेशी. मग न्यूट्रोफिल्स येतात, दोन दिवसांनंतर फेसाळ मॅक्रोफेज जागा घेऊ लागतात आणि त्यानंतर काही आठवड्यांनी पोकळी दिसते. अठरा तासांच्या स्ट्रोकची स्लाइड देऊन ‘नेक्रोसिसचा प्रकार सांगा’ म्हणणारा प्रश्न हुशार विद्यार्थ्यालाच अडकवतो, कारण त्याने स्लाइड बघून दिलेले उत्तर तक्त्याशी जुळत नाही.

ॲपॉप्टोसिसबाबत आपले प्रश्न याहूनही ढिले असतात. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी हे नाव दिले. त्याआधी जॉन केर यांनी उंदरांच्या यकृतावर केलेले काम मुळातून समजून घेण्यासारखे आहे. त्यांनी पोर्टल शिरेच्या काही शाखा बांधल्या. यकृताचे ते खंड आक्रसत गेले आणि त्यांत मृत्यूचे दोन प्रकार शेजारीशेजारी दिसले. शेवटच्या यकृत शिरांभोवती पेशींचे पट्टेच्या पट्टे नेहमीच्या नेक्रोसिसने मेले होते. इतरत्र एकेकटी पेशी गोल, आटलेली, कधी तुकड्यांत विभागलेली दिसत होती आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळत होत्या. लायसोसोमचा रंग दिल्यावर फरक आणखी स्पष्ट झाला: नेक्रोसिसच्या पेशींत लायसोसोम फुटलेले, आटलेल्या पेशींत शाबूत. एकच अवयव, रक्तपुरवठ्याची एकच कमतरता, तरी दोन मृत्यू. पेशीकडे एटीपी किती शिल्लक आहे आणि आघात किती तीव्र आहे, यावर बरेच अवलंबून असते. शिस्तीत मरायला ऊर्जा लागते. ती उरली नाही तर पेशी फुटते.

म्हणून फरकाचा गाभा पेशीपटलात शोधावा. नेक्रोसिसमध्ये पेशी फुगते, पटल फाटते आणि आतला माल बाहेर सांडतो. हृदयविकारात ट्रोपोनिन रक्तात सापडते ते यामुळेच, आणि शेजारी दाह पेटतो तोही यामुळेच. ॲपॉप्टोसिसमध्ये पेशी आटते, पटल शाबूत राहते, कॅस्पेस आतून काम उरकतात, पटलाच्या बाहेरच्या बाजूला आलेले फॉस्फॅटिडिलसेरीन मॅक्रोफेजला खूण देते आणि तुकडे सांडण्यापूर्वीच उचलले जातात.

यातून प्रश्नांत वारंवार येणाऱ्या दोन चुका टाळता येतात. पहिली चूक म्हणजे ‘दाह नाही, म्हणून ॲपॉप्टोसिस’ हे समीकरण. पहिल्या काही तासांच्या ताज्या इन्फार्क्टमध्येही न्यूट्रोफिल्स आलेले नसतात. शवविच्छेदनात तर मृत्यूनंतरची ऑटोलिसिस हा कायमचा फसवा शेजारी आहे. मूत्रपिंडातल्या प्रॉक्सिमल ट्यूब्यूल सर्वांत आधी केंद्रके गमावतात आणि प्रेत उशिरा आले की तिथे नेक्रोसिस असल्याचा भास होतो. ऑटोलिसिसमध्ये पाचर नसते, कडेला लालसर पट्टा नसतो, प्रतिक्रिया कुठेच नसते आणि बदल दोन्ही मूत्रपिंडांत सारखेच पसरलेले असतात. दुसरी चूक टनेल चाचणीला ॲपॉप्टोसिसचा पुरावा मानण्याची. तुटलेला डीएनए नेक्रोसिसमध्येही असतो, त्यामुळे टनेल तिथेही पॉझिटिव्ह येऊ शकते. क्लीव्ह्ड कॅस्पेस-३ चा रंग त्यापेक्षा नेमका. पण नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनवरही व्हायरल हिपॅटायटिसमधली एकेकटी, गोल, गडद गुलाबी पेशी, म्हणजे काउन्सिलमन बॉडी, ओळखायला विशेष रंग लागत नाही.

तर येत्या सत्रासाठी आमचा आग्रह असा. जोड्यांचा प्रश्न टाकायचाच असेल, तर डाव्या बाजूला अवयव लिहू नका, परिस्थिती लिहा. ‘मूत्रपिंड’ऐवजी ‘मूत्रपिंड, निर्जंतुक गुठळीनंतर दोन दिवस’ असे लिहा. ‘मेंदू’ऐवजी ‘मेंदू, स्ट्रोकनंतर तीन आठवडे’. ‘फुप्फुस’ एकटे कधीच लिहू नका, कारण तिथे क्षय, गळू आणि इन्फार्क्ट तिन्ही घडतात.

प्रात्यक्षिकात स्लाइड दिल्यावर निदान लगेच विचारू नये. आधी तीन गोष्टी विचाराव्यात: ऊतकाची रूपरेषा उरली आहे का, कडेला कोण जमले आहे, न्यूट्रोफिल्स, एपिथेलॉइड पेशी की कोणीच नाही, आणि मेलेल्या पेशींचा पट्टा आहे की एकेकटी पेशी. या तिन्हींची उत्तरे बरोबर देणाऱ्या विद्यार्थ्याने शेवटचे नाव चुकवले, तरी अर्ध्याहून अधिक गुण द्यायला हरकत नाही. रूपरेषा न पाहता, केवळ स्लाइडवरच्या लेबलवर ‘किडनी’ वाचून ‘कोॲग्युलेटिव्ह’ म्हणणाऱ्याला मात्र, उत्तर योगायोगाने बरोबर निघाले तरी, त्या उत्तराचे पूर्ण गुण देऊ नयेत.