तीन आढावे, पुरावा एकच

धोरणविषयक टिपणांत अलीकडे एक वाक्य वारंवार वाचावयास मिळते : ‘उपलब्ध तिन्ही आढावे एकाच निष्कर्षाप्रत येतात.’ वाक्य वजनदार आहे आणि त्यापुढे सहसा कोणी प्रश्न विचारीत नाही. माझ्या मते ते वाक्य जसेच्या तसे कोणत्याही नस्तीत स्वीकारू नये. तिन्ही आढावे ज्या मूळ चाचण्यांवर उभे आहेत त्या किती वेगळ्या आणि किती सामाईक, हे त्यातून कळत नाही.

प्रथम संज्ञा स्पष्ट करतो. एखाद्या उपायावर झालेल्या सर्व मूळ चाचण्या ठरावीक पद्धतीने शोधून, तपासून, त्यांचे निष्कर्ष एकत्र जोडणे म्हणजे पद्धतशीर आढावा. असे आढावेच पुष्कळ झाले की त्यांचाही आढावा घ्यावा लागतो. त्याला अंब्रेला रिव्ह्यू म्हणतात, मी येथे छत्र-आढावा म्हणेन. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत गहू, त्याचे पीठ आणि त्या पिठाचा पाव यांच्या किमतींची बेरीज करावयाची नसते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षीच शिकवितात. छत्र-आढाव्यात नेमकी हीच दुबार मोजणी सहज घडते, कारण एकच चाचणी प्रत्येक आढाव्यातून नव्याने वर येते.

उदाहरण ‘अ’ जीवनसत्त्वाचे घेऊ. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना या जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिल्याने बालमृत्यू कमी होतात काय, हा प्रश्न आपल्या देशाला जवळचा आहे. असे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. या प्रश्नावर कॉक्रेनचा आढावा २०१० साली आला. त्यात ४३ चाचण्या होत्या आणि एकूण मृत्यूंत २४ टक्के घट दिसली. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दुसरा आढावा आला. त्यातही ४३ चाचण्या आणि २४ टक्केच घट. आकडे जुळले यात नवल नाही : लेखक तेच पाच, चाचण्याही त्याच. २०१७ साली कॉक्रेनचा आढावा अद्ययावत झाला, त्यात जुन्या ४३ अधिक ४ नव्या अशा ४७ चाचण्या होत्या.

या तीन आढाव्यांतील सामाईकपणा मोजण्याची एक रीत पीपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केली. आधी एक तक्ता आखावयाचा. प्रत्येक मूळ चाचणीला एक आडवी ओळ, प्रत्येक आढाव्याला एक उभा रकाना, आणि चाचणी ज्या आढाव्यात असेल तेथे खूण. त्यानंतर सूत्र असे :

```
CCA = (N − r) / (r × c − r)
```

यात N म्हणजे एकूण खुणा, r म्हणजे वेगळ्या चाचण्यांची संख्या आणि c म्हणजे आढाव्यांची संख्या. आपल्या तक्त्यात खुणा ४३ + ४३ + ४७ म्हणजे १३३, वेगळ्या चाचण्या ४७, आढावे ३. अंश १३३ − ४७ = ८६. छेद १४१ − ४७ = ९४. उत्तर सुमारे ९१ टक्के. पीपर यांच्या मोजपट्टीवर ५ टक्क्यांपर्यंतचा सामाईकपणा अल्प आणि १५ टक्क्यांच्या पुढचा अतिशय मोठा समजला जातो. येथे तीन आढावे आहेत असे म्हणणे म्हणजे जवळजवळ एकच आढावा तिसऱ्यांदा वाचणे होय. पहिले दोनच घेतले असते, तर उत्तर पूर्ण १०० टक्के आले असते.

एवढ्यावर थांबणारे छत्र-आढावे मी बरेच वाचले आहेत. टक्केवारी काढली, ‘सामाईकपणा मोठा’ अशी नोंद केली, पुढे चालू. परंतु खरी गोष्ट उरलेल्या ९ टक्क्यांत आहे. २०१७ च्या आढाव्यात मृत्यूतील घट, फिक्स्ड-इफेक्ट पद्धतीने, २४ वरून १२ टक्क्यांवर आली. याचे मुख्य कारण एक चाचणी : उत्तर प्रदेशातील ७२ विकासखंडांत १९९९ ते २००४ या काळात, अंगणवाड्यांमार्फत, सुमारे दहा लाख मुलांवर झालेली ‘देवता’ ही चाचणी. ती लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली ती थेट २०१३ साली. तीत मृत्यूदरातील घट अवघी ४ टक्के होती आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती शून्याहून निश्चित वेगळी म्हणता येत नव्हती. २०१७ च्या आढाव्यातील मुलांची एकूण संख्या सुमारे १२ लाख २४ हजार. म्हणजे सूत्राच्या दृष्टीने सत्तेचाळिसांतील एक ओळ असलेल्या या चाचणीत सहांपैकी पाच मुले होती. सूत्र ओळी मोजते, मुले मोजत नाही. त्याचा हा दोष नव्हे, मर्यादा आहे.

तक्ता वाचताना आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. २०१० आणि २०११ च्या रकान्यांत ‘देवता’पुढे खूण नाही, याचा अर्थ लेखकांनी ती नाकारली असा होत नाही, ती तेव्हा प्रसिद्धच झालेली नव्हती. अशा रिकाम्या चौकटी वेगळ्या चिन्हाने दाखवाव्यात आणि छेदातून वगळाव्यात, नाहीतर सामाईकपणा आहे त्याहून कमी दिसतो. दुसरे असे की, एकाच चाचणीवर अनेक शोधनिबंध निघतात. एक आढावा पहिल्या निबंधाचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा. निबंधाच्या नावाने ओळी आखल्या तर एकच चाचणी दोन ओळींत जाते आणि पुन्हा तीच फसगत होते. ठिकाण, वर्षे आणि मुलांची संख्या जुळत असेल, तर चाचणी एकच असण्याचा संशय धरावा.

सामाईकपणा दिसल्यावर करावयाचे काय? काही जण एका प्रश्नाला एकच आढावा ठेवतात आणि बाकीचे गाळतात. हे नीटनेटके आहे, पण निवड कशी करावयाची हा प्रश्न उरतोच. नियतकालिकाच्या कीर्तीकडे पाहून कोणी २०११ चा आढावा ठेवला असता, तर ‘देवता’ सबंध वगळली गेली असती. सर्वांत वाईट उपाय म्हणजे आढाव्यांच्या निष्कर्षांचीच सरासरी काढणे. २४, २४ आणि १२ यांची सरासरी २० येते, आणि ती कशाचीच नसते : जुन्या ४३ चाचण्या तीत तीनदा मोजल्या गेल्या, ‘देवता’ एकदाच. अशी बेरीज अनिश्चितताही खोटीच कमी करून दाखवते, आणि वित्त विभागाला तर अरुंद मर्यादा फार आवडतात!

माझे मत असे की सर्व आढावे ठेवावेत, तक्ता छापावा आणि ‘किती आढावे अनुकूल’ ही मोजणी बंद करावी. जेथे देशव्यापी खर्च गुंतलेला असेल, तेथे मूळ चाचण्यांपर्यंत जाऊन प्रत्येक चाचणी एकदाच जोडावी. वेळ लागतो, हे मान्य. पण वाद मूळ चाचणीपाशीच सुटतो, हे ‘देवता’च्या बाबतीत दिसते. रँडम-इफेक्ट्स पद्धतीने जोडल्यास तिचे वजन घटते आणि निष्कर्ष पुन्हा जुन्या आकड्याकडे झुकतो. त्या चाचणीतील डोस प्रत्यक्ष किती मुलांपर्यंत पोचले, याविषयी तिच्या टीकाकारांनी २०१३ सालीच लॅन्सेटमध्ये शंका घेतली होती. अंगणवाडीच्या नोंदवह्या ज्यांनी तपासल्या आहेत, त्यांना ती शंका अनाठायी वाटणार नाही. उलट, चालू सरकारी यंत्रणेतून डोस दिल्यास जे घडते तेच ‘देवता’ने मोजले, असाही युक्तिवाद करता येतो, आणि राष्ट्रीय कार्यक्रमाच्या दृष्टीने मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

तेव्हा टिपणासोबत जोडावयाच्या तक्त्यात खुणांखेरीज तीन रकाने तरी असावेत : चाचणीतील मुलांची संख्या, प्रसिद्धीचे वर्ष, आणि डोस पोचल्याचे प्रमाण कोणी व कसे मोजले. ‘अ’ जीवनसत्त्वाचा असा तक्ता सत्तेचाळीस ओळींत, दोन पानांवर मावतो.