विश्लेषण : ‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर’... लिंक्डइनवरची शिफारस पटत का नाही?

नोकरी बदलायची वेळ आली की जुन्या ऑफिसातल्या मित्राला मेसेज जातो, ‘लिंक्डइनवर दोन ओळी लिहून देशील का?’ मित्रही तत्परतेने लिहितो : ‘अत्यंत मेहनती, प्रामाणिक आणि उत्तम टीम प्लेअर. कुठल्याही कंपनीसाठी ती मौल्यवान ठरेल.’ भावना खरी असते, पण उमेदवार निवडणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. यातले नाव बदलून दुसऱ्या कुणाचेही टाकले तरी मजकूर तसाच चालतो, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळते.

मग पटेल असे काय लिहायचे?

समजा, दोघी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत पगाराचा हिशेब करणाऱ्या प्रणालीवर काम करत होत्या. त्यांपैकी एकीने दुसरीसाठी असे लिहिले :

‘आम्ही दोन वर्षे एकाच टीममध्ये होतो. तिचा बहुतेक कोड तपासायला माझ्याकडे यायचा. महिनाअखेरीस २० हजार कर्मचाऱ्यांचा हिशेब पूर्ण व्हायला ६ तास लागायचे आणि मध्येच बिघाड झाला तर सगळे पहिल्यापासून करावे लागायचे. प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी डेटाबेसकडे वेगळी विचारणा होते, हे तिने शोधून काढले. तिने ५००-५०० जणांचे गट केले आणि जिथे थांबले तिथून पुढे सुरू करण्याची सोय केली. त्याच सर्व्हरवर काम ५० मिनिटांत होऊ लागले. चाचणीसाठी जुनी आणि नवी पद्धत शेजारी चालवली, तेव्हा ११ जणांच्या हिशेबात फरक निघाला. वरून घाई असतानाही कारण सापडेपर्यंत, म्हणजे आणखी एक महिना, तिने नवी पद्धत सुरू होऊ दिली नाही.’

यात ‘प्रामाणिक’ हा शब्द कुठेच नाही. तरी त्या ११ जणांच्या वाक्यातून तो गुण दिसतो. पहिल्या दोन वाक्यांत लिहिणारीने हे सगळे कुठून पाहिले, ते सांगितले आहे. शिफारशीत नेमका हाच भाग बहुतेक जण गाळतात. ‘त्याच सर्व्हरवर’ हे दोन शब्दही महत्त्वाचे. मध्यंतरी नवा, वेगवान सर्व्हर आला असता, तर वाचलेल्या वेळेचे श्रेय कुणाचे, हा प्रश्न जाणकार वाचकाला पडलाच असता. आणि काम चौघांनी मिळून केले असेल, तर तिचा वाटा कोणता तेवढेच लिहावे. सगळे यश एकटीच्या नावावर लावलेली शिफारस टीममधला दुसरा कुणी वाचतो, तेव्हा ओशाळायची वेळ तिच्यावरच येते.

आकडा कुठे अडचणीत आणतो?

मुलाखतीत पुढचा प्रश्न बहुधा याच मजकुरातून येतो : गट ५००चेच का केले? उत्तर तिला देता आले पाहिजे. म्हणून टाकण्याआधी मसुदा तिला दाखवावा. रेझ्युमेत ३० मिनिटे आणि शिफारशीत ५० मिनिटे असतील, तर दोन्हींवरचा विश्वास उडतो. लिंक्डइनवर मजकूर प्रोफाइलवर दिसण्याआधी तिला बदल सुचवता येतात. ती सोय वापरावी.

ग्राहक कंपनीचे नाव, व्यवहाराच्या रकमा, सुरक्षेतल्या त्रुटी मात्र लिहू नयेत. नोकरी सोडल्यावरही गोपनीयतेचा करार बहुधा लागू असतो. नेमका आकडा देता येत नसेल, तर ‘वेळ सातव्या हिश्श्यावर आला’ असे प्रमाण पुरते. आकडाच नसलेली कामेही असतात. तिथे आधी काय व्हायचे आणि नंतर काय थांबले, ते लिहावे. उदाहरणार्थ, ‘नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात सारखे विचारत फिरावे लागायचे, तिने माहितीपत्रक केल्यावर ते बंद झाले.’ लिंक्डइनची मर्यादा ३ हजार अक्षरांची आहे, पण ती भरण्याची गरज नाही. एका कामाची नीट सांगितलेली हकिगत पुष्कळ होते.

‘तू माझी लिही, मी तुझी लिहितो’ या देवाणघेवाणीचे काय? प्रोफाइलवर मिळालेल्या आणि दिलेल्या शिफारशी तारखेसह दिसतात. एकाच दिवशी एकमेकांवर उधळलेली स्तुती चाणाक्ष नजरेतून सुटत नाही. दोघांचेही कौतुक खरे असले, तरी तपशील नसेल तर तो सौदाच वाटतो.

आणि तिचे काम जवळून पाहिलेच नसेल तर? जेवणाच्या सुट्टीतली मैत्री ही शिफारशीची सामग्री नव्हे. अशा वेळी तिचा कोड तपासणाऱ्या किंवा तिच्यासोबत रात्रपाळी केलेल्या कुणाचे नाव सुचवावे. अवघड वाटले, तरी पोकळ चार ओळींपेक्षा तिला त्याचा उपयोग जास्त होतो.