शिष्यवृत्ती परीक्षा: १ जूनचे वय आणि शाळेचे लॉगिन

दिवाळीच्या आगेमागे शाळेच्या फाटकाशी पालक आम्हाला विचारतात, "शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठे मिळतो? सायबर कॅफेत भरून देतील का?" उत्तर असे की हा फॉर्म बाजारात कुठेच मिळत नाही आणि कॅफेतही भरता येत नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही परीक्षा घेते आणि मुलाचा अर्ज मुख्याध्यापक शाळेच्या लॉगिनमधूनच भरतात. त्यामुळे पालकांचे काम शाळेच्या कार्यालयात, आणि तेही मुदतीआधी करायचे असते.

आधी इयत्तेचा घोळ मिटवू. ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. आता शासनाने ती पुन्हा चौथी आणि सातवीला आणली आहे. २०२५-२६ हे बदलाचे वर्ष होते, म्हणून त्या वर्षी चारही इयत्तांची परीक्षा ठेवली गेली. २०२६-२७ पासून मात्र फक्त चौथी आणि सातवी. थोरल्या भावाने पाचवीत परीक्षा दिली म्हणून धाकटीलाही पाचवीतच बसवू, असे ठरवून थांबलेल्या घराची संधी हातची जाईल.

दुसरी अट वयाची. चौथीसाठी त्या शैक्षणिक वर्षाच्या १ जूनला मुलाचे वय १० वर्षांपेक्षा जास्त नसावे आणि सातवीसाठी १३ वर्षांपेक्षा. दिव्यांग मुलांना हीच मर्यादा १४ आणि १७ वर्षे आहे. वय पाहिले जाते ते १ जूनचे. फॉर्म भरण्याच्या किंवा परीक्षेच्या दिवशी किती वय झाले, याला अर्थ नाही.

आपल्या घरांत ही अट कुठे अडते, ते एका हिशोबाने पाहू. समजा, दोन चुलत भाऊ आहेत. एकाचा जन्म १४ मार्च २०१६ चा, दुसऱ्याचा ९ ऑगस्ट २०१६ चा. दोघांना जून २०२२ मध्येच पहिलीत घालता आले असते, पण नाजरा पूर्ण व्हावा म्हणून घरच्यांनी एक वर्ष मकतबमध्ये ठेवले आणि जून २०२३ मध्ये दोघे एकाच वर्गात पहिलीला बसले. २०२६-२७ मध्ये दोघेही चौथीत असतील. १ जून २०२६ ला ऑगस्टच्या मुलाचे वय ९ वर्षे ९ महिने भरते, म्हणून तो बसू शकतो. मार्चच्या मुलाचे वय मात्र १० वर्षे २ महिने होते आणि तो बाहेर पडतो. तीन वर्षांनी सातवीतही तेच होईल, कारण १ जून २०२९ ला तो १३ वर्षे २ महिन्यांचा असेल. दोघांचेही वर्ष सारखेच उशिरा गेले, पण एकाच्याच वाट्याला परीक्षा आली. मकतब किंवा हिफ्जसाठी वर्ष द्यावे की नाही, हा प्रत्येक घराचा निर्णय आहे. पण तो घेताना हा हिशोब कागदावर मांडून पाहावा. शाळेबरोबर सकाळी किंवा संध्याकाळी मकतब चालत असेल, तर वर्ष न गमावता दोन्ही साधते.

आणखी एक अडचण जन्मतारखेची. प्रवेशावेळी जन्मदाखला हाताशी नसला की अंदाजाने '१ जून' लिहून द्यायची आपल्याकडे जुनी सवय आहे. १ जून २०१६ लिहिलेले असेल तर १ जून २०२६ ला बरोबर १० वर्षे भरतात आणि मूल अटीत बसते. पण अंदाज एका वर्षाने चुकून १ जून २०१५ लिहिले गेले, तर कागदावर ते ११ वर्षांचे होते, खरे वय काहीही असो. म्हणून तिसरीत असतानाच शाळेच्या जनरल रजिस्टरमधली तारीख महानगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्याशी ताडून पाहा. फरक असेल तर जन्मदाखल्यासह मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या. दुरुस्तीला वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते आणि त्यात महिने जातात. फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात ती होत नाही. आणि दुरुस्ती म्हणजे खरी तारीख लावणे. वय बसावे म्हणून तारीख बदलून मागणे हा खोटेपणा आहे, आणि तो पुढे दहावीच्या प्रमाणपत्रात, पासपोर्टमध्ये आडवा येतो.

आता फॉर्मकडे येऊ. शिक्षक अर्ज भरताना आपण समोर बसावे किंवा भरलेल्या अर्जाची प्रत मागून घरी वाचावी. तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली नाव: रजिस्टरमध्ये 'शेख' आधी आणि आधारवर शेवटी, एका कागदावर 'मोहम्मद' तर दुसऱ्यावर नुसते 'मो.', अशी आपली नावे असतात. शिष्यवृत्ती मिळाली तर रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येते, आणि नाव जुळले नाही की तिथे अडकते. दुसरी जन्मतारीख. तिसरी माध्यम: उर्दू माध्यमाच्या मुलासमोर मराठी प्रश्नपत्रिका आली, तर त्या दिवशी काही करता येत नाही. चूक दिसली तर लॉगिन बंद होण्याआधी शाळेला सांगा. प्रवेशपत्रही शाळेच्या लॉगिनलाच येते. हातात पडताच हेच तीन रकाने पुन्हा वाचा.

परीक्षा एकाच दिवशी दोन पेपरची असते. पहिला पेपर प्रथम भाषा आणि गणिताचा, दुसरा तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणीचा. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, दीड तासाचा, आणि सगळे प्रश्न पर्यायी. निकालानंतर घराघरात एक गैरसमज होतो, म्हणून सांगतो. प्रत्येक पेपरला ४० टक्के मिळाले की मूल 'पात्र' ठरते. शिष्यवृत्ती मात्र पात्र मुलांतून ठरावीक संख्येच्या गुणवत्ता यादीत आलेल्यांनाच मिळते. चौथीच्या शिष्यवृत्तीचे वर्षाला ५,००० रुपये आणि सातवीचे ७,५०० रुपये असे पुढील तीन वर्षे मिळतात. 'पात्र' वाचून पैशांची वाट पाहू नका, यादीत नाव शोधा.

मग मार्चमध्ये जन्मलेल्या त्या मुलाचे काय? त्याच्यासाठी आठवीत दुसरी परीक्षा आहे, आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती, जिला सगळे एनएमएमएस म्हणतात. तिथे पाहिले जाते ते असे: पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत, सातवीला किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के), आणि शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित. विनाअनुदानित खाजगी शाळेतील मुलाला ही परीक्षा देता येत नाही, हे आठवीसाठी शाळा बदलण्याआधी लक्षात घ्यावे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. हाही अर्ज शाळेमार्फतच जातो. उत्पन्नाचा दाखला मात्र आपल्यालाच तहसीलमधून आणावा लागतो, आणि तो उन्हाळ्याच्या सुटीत काढून ठेवलेला बरा.

चौथी किंवा सातवीत मूल असेल, तर या आठवड्यात शाळेत जाऊन दोनच गोष्टी विचाराव्यात: रजिस्टरमध्ये जन्मतारीख काय आहे, आणि शाळेने परीक्षा परिषदेकडे या वर्षाची नोंदणी केली आहे का. शाळेचीच नोंदणी झाली नसेल तर एकाही मुलाचा अर्ज जाणार नाही. तसे आढळले तर दोन-चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना लेखी विनंती द्यावी आणि तिची पोच घ्यावी.