कार्यालयाच्या पत्त्यावर येणारी कर्मचाऱ्यांची खासगी पार्सले स्वीकारणे, तपासणे व हाती पोचवणे याबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रशासन व सुविधा प्रमुख,
ऐरोली कार्यालय, नवी मुंबई.

विषय : खासगी पार्सलांसाठी स्वागतकक्षात लेखी व्यवस्था करणे, सुरक्षा तपासणीचे नियम ठरवणे आणि पार्सल चुकण्याचे प्रकार थांबवणे.

महोदया,

ऐरोली कार्यालयात तीन पाळ्यांत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वतीने आम्ही प्रतिनिधी हे निवेदन सादर करीत आहोत. कार्यालयाच्या पत्त्यावर खासगी पार्सल मागवू नये, अशी सूचना पहिल्या मजल्यावरील फलकावर बरीच वर्षे लावलेली आहे. प्रत्यक्षात पार्सले रोज येतात, फाटकावर घेतली जातात, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचीही त्याच वाटेने येतात. सूचना आहे पण ती पाळली जात नाही, पार्सल घेतले जाते पण त्याची जबाबदारी कोणाची नाही. ही अधांतरी स्थिती संपवावी, एवढेच आमचे मूळ म्हणणे आहे.

पार्सल घरी का मागवत नाहीत, हा प्रश्न आपण यापूर्वी विचारला होता. आमच्यापैकी अनेकजण दिघा, कळवा, घणसोली येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. घरात दोघेही नोकरी करणारे असले की दिवसभर दाराला कुलूप असते. रात्रपाळीवाला दिवसा झोपलेला असतो. पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या मुलींच्या घरमालकिणी परक्याचे सामान घ्यायला राजी नसतात. दिवसाच्या वेळी निश्चित सापडेल असा आमचा एकच पत्ता आहे, तो म्हणजे हे कार्यालय.

आणि नेमके येथेच आमचा फोन लागत नाही. ग्राहकांच्या खात्यांची व कार्डांची माहिती आमच्या पडद्यावर असते, म्हणून कामाच्या मजल्यावर फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. हा नियम योग्य आहे आणि तो शिथिल करावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु त्याचा परिणाम पाहावा. पार्सल आणणारा मुलगा फाटक क्रमांक दोनवरून फोन करतो, लॉकरमध्ये तो वाजून थांबतो. त्याच्या पिशवीत अजून ढीगभर पार्सले असतात, तो फार वेळ थांबू शकत नाही. मग एकतर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद होऊन पार्सल परत जाते, नाहीतर तो ते फाटकावरच्या रखवालदाराच्या हाती देऊन निघून जातो. आमच्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी या दुसऱ्या वाटेने गेलेल्या पार्सलांच्या आहेत.

गेल्या मे महिन्यातील एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण व्यवस्था नेमकी कुठे तुटते हे त्यात स्वच्छ दिसते. आमच्या एका सहकारी भगिनीने आईसाठी इन्शुलिनची पेने मागवली होती. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असते, म्हणून पेटीत बर्फाची पाकिटे होती. सकाळी पावणेबाराच्या सुमारास पेटी फाटकावर आली. फोन लॉकरमध्ये होता. रखवालदाराने माणुसकीने पेटी घेतली आणि आणणाऱ्याच्या फोनवर बोटाने सही केली. दुपारी दोनला त्याची पाळी संपली. पुढच्या रखवालदाराला त्याने तोंडी सांगितले की नाही, हे आता कोणालाच सांगता येत नाही. संध्याकाळी भगिनीने फोन पाहिला तेव्हा ‘सुरक्षारक्षकाने स्वीकारले’ असा संदेश आलेला होता. आमच्या स्वागतकक्षात विचारले, तर तेथे नोंद नव्हती. फाटकावर विचारले, तर त्यांनी स्वागतकक्षाकडे बोट दाखवले. तिसऱ्या दिवशी पेटी फाटकाच्या केबिनमध्ये, काचेलगत, उन्हाच्या बाजूला सापडली. बर्फाचे पाणी झाले होते. इन्शुलिन उष्णतेने निकामी झाले तरी ते बाहेरून नेहमी कळत नाही. ते टोचायचे कोणत्या भरवशावर? सगळे टाकून द्यावे लागले. विक्रेत्याने सहीकडे बोट दाखवून पैसे परत करण्यास नकार दिला.

येथे कोणी चोरी केली नाही, कोणी मुद्दाम हलगर्जीपणाही केला नाही. फाटकावरचे रखवालदार इमारतीच्या व्यवस्थापनाने नेमलेल्या एजन्सीचे आहेत, स्वागतकक्षातील सुरक्षारक्षक आपल्या कंपनीने नेमलेल्या दुसऱ्या एजन्सीचे. या दोहोंमध्ये पार्सल हस्तांतरित करण्याची कोणतीही नोंदवही नाही. सही एकाची, ताबा दुसऱ्याचा आणि वाट पाहणारी व्यक्ती तिसरीच, अशा अवस्थेत वस्तू हरवली नाही तरच आश्चर्य. म्हणून हरवलेल्या पार्सलाची भरपाई रखवालदाराच्या पगारातून कापण्याचा जो विचार मध्यंतरी बोलून दाखवला गेला, त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. जे काम त्याला लेखी नेमून दिलेलेच नाही, त्याची शिक्षा त्याला देता येणार नाही.

आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी की पार्सल स्वीकारण्याची जागा एकच असावी, आणि ती पहिल्या मजल्यावरील स्वागतकक्ष असावी. फाटकावर कोणीही सही करू नये. पार्सल आणणाऱ्याला तात्पुरता पास देऊन स्वागतकक्षापर्यंत येऊ द्यावे. इमारतीच्या व्यवस्थापनाला हे मान्य नसल्यास सकाळी अकरा ते एक व दुपारी चार ते सहा या वेळांत आपला माणूस फाटकावर उभा राहावा. त्या माणसाकडे कंपनीचा एक मोबाईल असावा. आज आम्ही मागणीच्या वेळी पर्यायी क्रमांक म्हणून मित्राचा किंवा घरच्यांचा क्रमांक देतो, त्याऐवजी या मोबाईलचा क्रमांक देऊ. आमचा फोन लॉकरमध्ये असला तरी हा उचलला जाईल. पत्त्यात नाव, कर्मचारी क्रमांक, मजला आणि फाटक क्रमांक लिहिण्याची जबाबदारी आमची. ज्या पार्सलावर कर्मचारी क्रमांक नसेल ते परत पाठवावे, त्याबद्दल आमची तक्रार राहणार नाही.

पार्सल आत येताच नोंदवहीत वेळ, कर्मचारी क्रमांक, पार्सल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि घेणाऱ्याची सही, एवढेच लिहावे. तोच नोंद क्रमांक पार्सलावर चिकटवावा. सध्याच्या आवक वहीत नाव, मोबाईल क्रमांक आणि कधीकधी आतल्या वस्तूचे वर्णनही लिहिले जाते, आणि ती वही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासमोर उघडी पडलेली असते. महिला कर्मचाऱ्यांना याचा त्रास झालेला आहे. नोंद झाल्यावर स्वागतकक्षाने त्या मजल्याच्या टीम लीडरला अंतर्गत फोनवर कळवावे. औषध किंवा ‘थंड ठेवा’ असा शिक्का असलेले पार्सल असेल तर ते लगेच सांगावे आणि उपाहारगृहाच्या फ्रीजमध्ये ठेवावे. फ्रीजरमध्ये मात्र नको, कारण गोठलेले इन्शुलिनही वापरता येत नाही. पार्सल देताना ओळखपत्र पाहून त्याच ओळीत कर्मचाऱ्याची सही घ्यावी. पाळी बदलताना शिल्लक पार्सले मोजून दोन्ही सुरक्षारक्षकांनी सह्या कराव्यात. हे शेवटचे काम दोन-चार मिनिटांचे आहे, पण मे महिन्यातील पेटी केवळ त्याच्या अभावी तीन दिवस उन्हात राहिली.

ओटीपीच्या पार्सलांची गोष्ट वेगळी आहे. ओटीपी आमच्याच फोनवर येतो, म्हणून तेथे स्वागतकक्षाचा क्रमांक उपयोगी पडत नाही. काही सुरक्षारक्षक सोयीसाठी कर्मचाऱ्याला निरोप पाठवून ओटीपी मागतात. ही पद्धत तात्काळ बंद करावी. वस्तू हातात येण्याआधी सांगितलेला ओटीपी म्हणजे कोऱ्या पावतीवर केलेली सही होय. अशा वेळी कर्मचाऱ्याला खाली जाण्यासाठी दहा मिनिटांची मुभा मिळावी आणि ती वेळ त्याच्या पंधरा मिनिटांच्या ब्रेकमधून वळती करावी. आज ब्रेकची वेळ संगणकाने ठरवलेली असते आणि ती आगाऊ घेतली तर गैरशिस्तीची नोंद होते, त्यामुळे फाटकावर माणूस उभा असूनही आम्हाला उठता येत नाही.

सुरक्षा तपासणीला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. सर्व पार्सले एक्स-रे यंत्रातून जावीत. मात्र यंत्र आतल्या वस्तूंचे आकार आणि त्या साधारण कोणत्या प्रकारच्या पदार्थाच्या आहेत एवढेच दाखवते. शंका आली म्हणून सुरक्षारक्षकाने परस्पर खोके फोडणे आम्हाला मान्य नाही. खोके उघडायचे तर कर्मचाऱ्यासमोर, त्याच्याच हाताने उघडावे. त्याने नकार दिला तर पार्सल परत पाठवावे. परंतु ज्यावर पाठवणाऱ्याचे नाव नाही, ज्यातून द्रव किंवा उग्र वास येतो, तारा बाहेर दिसतात, आणि ज्याची कोणीही मागणी केलेली नाही, असे पार्सल कोणीही उघडू नये, हलवू नये, त्यावर पाणी टाकू नये. जागा रिकामी करून ११२ वर पोलिसांना कळवावे. आज काही रक्षक संशय आला की खोके कानाशी धरून हलवून पाहतात. त्यांना कोणी शिकवलेलेच नाही. दोन्ही एजन्सींच्या रक्षकांचे यावर प्रशिक्षण व्हावे.

मर्यादा आम्हालाही मान्य आहेत. पाच किलोहून जड, रोख पैसे द्यावे लागणारी, ज्वालाग्राही वस्तूंची पार्सले स्वागतकक्षाने घेऊ नयेत. महागडा फोन किंवा दागिने ज्याने त्याने स्वतः घ्यावेत. तीन कामकाजाच्या दिवसांत न नेलेले पार्सल परत करावे. टपालाबाबत एकच विनंती : पोस्टमनने सूचनाचिठ्ठी ठेवली तर ती त्याच दिवशी आमच्यापर्यंत पोचावी. टपाल कार्यालय अशी वस्तू साधारण सात दिवस ठेवते. चिठ्ठी स्वागतकक्षाच्या खणात पडून राहिली की मुदत उलटते आणि वस्तू परत जाते. पासपोर्ट मात्र कोणीही या पत्त्यावर मागवू नये, तो घरच्या पत्त्यावरच येतो, हे आम्ही सहकाऱ्यांना कळवत आहोत.

या व्यवस्थेसाठी नवी भरती लागणार नाही. एक मोबाईल, एक कुलुपाचे कपाट, एक नोंदवही आणि इमारतीच्या व्यवस्थापनाशी एक लेखी करार एवढेच लागेल. हे शक्य नसेल तर फलकावरील बंदी खरोखर लागू करावी आणि अधिकाऱ्यांसह सर्वांची पार्सले फाटकावरूनच परत पाठवावीत, तेही आम्ही स्वीकारू. राखीपौर्णिमेच्या आधी पार्सलांची गर्दी वाढते. त्यापूर्वी, हे निवेदन मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत, इमारत व्यवस्थापन, दोन्ही सुरक्षा एजन्सी आणि आमचे प्रतिनिधी यांची बैठक बोलावून लेखी निर्णय कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
कर्मचारी प्रतिनिधी,
सकाळ, दुपार व रात्र पाळी

प्रत माहितीसाठी : मनुष्यबळ विभाग, इमारत व्यवस्थापन कार्यालय.